तीन सोमवार, तीन चाली

शाळेच्या स्नेहसंमेलनात लोककथेवर गाण्यांचं नाटक बसवायचं म्हटलं की बहुतेक जण आधी कथा निवडतात आणि मग तिच्यात गाणी कुठे घालायची ते शोधतात. मी बरीच वर्षं हे काम करते आहे. माझ्यापुरता मी क्रम उलटा केला आहे. आधी कथा मोठ्याने वाचायची, तीही मुलांसमोर, आणि ती स्वतःहून कुठे कुठे तेच तेच बोलते त्या जागांवर पेन्सिलीने खूण करायची. लोककथा तोंडी चालत आलेली असते. सांगणाऱ्याला आठवायला आणि ऐकणाऱ्याला धरून ठेवायला तिच्यात पुनरावृत्ती असते, आणि गाण्याची जागा तिथेच असते. जिथे कथा एकदाच काहीतरी करते, पुन्हा कधीच करत नाही, तिथे गाणं घालायचं नाही. ही दुसरी गोष्ट पटायला मला पहिलीपेक्षा जास्त वेळ लागला.

हे सगळं मला शिकवलं ते खुलभर दुधाच्या कहाणीने. श्रावणी सोमवारची ही कहाणी घराघरांत वाचली जाते. आटपाट नगराच्या राजाच्या मनात येतं की महादेवाचा गाभारा दुधाने भरून टाकावा. दवंडी पिटली जाते की सोमवारी प्रत्येकाने घरातलं सगळं दूध देवळात आणायचं. धाकाने लोक वासरांना पाजत नाहीत, मुलांना देत नाहीत, हंडे भरभरून ओततात, पण गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी घरचं आवरून, लेकरांना खाऊपिऊ घालून, गाईवासरांचं बघून, उरलेलं खुलभर दूध घेऊन येते आणि गाभारा भरतो. असं दोन सोमवार होतं. तिसऱ्या सोमवारी राजा स्वतः पहाऱ्याला बसतो, म्हातारीचा हात धरतो, अभय देतो आणि कारण विचारतो. ती सांगते, आणि मग नगराला नवा हुकूम मिळतो.

त्याआधी मी चिमणी-कावळ्याची गोष्ट बसवून पाहिली होती. गोष्ट सुरेखच आहे, दारावरच्या हाका आणि चिमणीची उत्तरं म्हणजे आयतं गाणं. पण त्यात दोनच पात्रं, आणि वर्गात पन्नासहून जास्त मुलं. मग उरलेली मुलं झाडं होतात, ढग होतात, पाऊस होतात आणि मागे उभी राहून हात हलवतात. समूहनृत्य म्हणजे हात हलवणारी मागची रांग नव्हे. समूहाला कथेत काम असलं पाहिजे, त्याच्यावाचून कथा पुढे सरकता कामा नये. खुलभर दुधाच्या कहाणीत नगर हेच मुख्य पात्र आहे. राजा हुकूम देतो, म्हातारी उत्तर देते, पण चुकतं ते नगर आणि बदलतं तेही नगरच. म्हणून ती माझ्या कामाची ठरली.

पहिला प्रश्न आला गाभाऱ्याचा. तो रंगमंचावर ठेवायचा कुठे? सगळ्यांच्या मनात येतं ते मागे, मधोमध, पडद्यासमोर. देऊळ तिथेच शोभतं. पण तिथे ठेवलं की दूध ओतणारं प्रत्येक मूल प्रेक्षकांकडे पाठ करतं, आणि गाणारी पाठ कुणाला ऐकू जात नाही. म्हणून मी गाभारा रंगमंचाच्या अगदी पुढच्या कडेला आणला. पिंडी नाही, कमान नाही. कडेला एक लांब लाकडी फळी आणि तिच्यामागे जमिनीवर पसरलेलं पांढरं कापड, एवढंच. मुलं मागून चालत येतात, प्रेक्षकांच्या डोळ्यांत बघत वाकतात आणि ओततात. प्रेक्षकच जणू गाभाऱ्याच्या आत बसलेले असतात. एवढ्या एका बदलाने अर्धं नृत्य आपोआप बसलं, कारण चेहरे दिसू लागले, आणि चेहरा दिसतो म्हटल्यावर मूल पाऊलही नीट टाकतं.

आता रांग. नगर म्हणून बत्तीस मुलं होती. प्रत्येकाने एकेकट्याने येऊन ओतायचं ठरवलं तर काय होतं ते आधी कागदावर मांडून बघावं. केरव्याच्या आठ मात्रा एका मुलाला दिल्या, तर बत्तीस मुलांना दोनशे छप्पन्न मात्रा लागतात. मिनिटाला नव्वद मात्रांच्या लयीत हे जवळजवळ तीन मिनिटं चालतं. तीन मिनिटं एकच क्रिया बघत बसायला आईवडीलसुद्धा तयार नसतात. म्हणून चार-चारचे आठ गट केले. चौघे एकदम पुढे येतात, ओततात, दोघे डावीकडे आणि दोघे उजवीकडे वळून कडेने मागे जातात, तोवर पुढचे चौघे जागेवर. आठ गट, प्रत्येकी आठ मात्रा, म्हणजे चौसष्ट मात्रा. गाण्याच्या दोन ओळींना सोळा मात्रा लागत होत्या, म्हणजे त्या दोन ओळी बरोबर चार वेळा येतात आणि सगळं नगर पाऊण मिनिटाच्या आत ओतून मोकळं होतं. चालीचा शेवट आणि रांगेचा शेवट एकाच समेवर आला की मुलांना मनात काही मोजत बसावं लागत नाही, गाणंच त्यांना सांगतं.

त्या दोन ओळी मीच लिहिल्या होत्या:

ओता रे ओता, हंडा करा रिता,
थेंब मागे उरला तर जाल कुठे आता?

आठ मात्रांत काय करायचं हेही ठरलेलं. पहिल्या दोन मात्रांना दोन पावलं पुढे, तिसरीला तांब्या कमरेशी, चौथीला गुडघे वाकवायचे, पाचवीला तांब्या कलता, सहावीला फळीवर टेकवायचा, सातवीला उठायचं, आठवीला वळायचं. यात नाच म्हणावा असं काहीच नाही. पण चारही मुलांचे तांबे एकाच वेळी फळीवर टेकले की जो टणत्कार होतो तो आठ वेळा ऐकताना अंगावर येतो. मुलांना गिरक्या आणि मुद्रा शिकवण्यात आठवडे घालवण्यापेक्षा एक रोजची क्रिया तालात अचूक बसवावी, असं माझं ठाम मत आहे. पाणी भरणं, दळण, पेरणी, सडा घालणं या क्रिया मुलांच्या डोळ्यांखालच्या असतात. त्या करताना मूल खोटं दिसत नाही.

तांबे स्टीलचेच हवेत हा माझा हट्ट होता. हलके म्हणून प्लास्टिकच्या कळशा रंगवून घ्याव्यात असा सल्ला मिळाला होता, पण प्लास्टिक वाजत नाही. शेवटी प्रत्येकाने घरून एक तांब्या आणला आणि एका पालकांनी पितळी हंडा दिला. हंडा प्रधानाच्या घरचा म्हणून पहिल्या गटाला दिला.

चाली तीनच ठेवायच्या हेही आधीच ठरवलं होतं. दवंडीची एक, ओतण्याची एक, म्हातारीची एक. पंचवीस मिनिटांच्या नाटकाला तीन चाली कमी वाटतात. पेटीवर बसणाऱ्या सरांनाही तसंच वाटलं, प्रत्येक प्रसंगाला नवी चाल लावायची त्यांची तयारी होती. पण नवी चाल आली की प्रेक्षक ती समजून घेण्यात गुंततात आणि शब्द निसटतात. तीच चाल दुसऱ्यांदा आली की ते शब्दांकडे वळतात, आणि तिसऱ्यांदा येते तेव्हा काय बदललंय ते त्यांना न सांगता कळतं. आपल्या कहाणीत तीन सोमवार आहेत. तीच चाल पुन्हा आणण्याची ही सोय कथेनेच करून ठेवली आहे.

दुसऱ्या सोमवारी मात्र मी अडून बसले होते. पहिल्यासारखंच पुन्हा करायचं तर प्रेक्षक कंटाळतील, आणि वेगळं करायचं तर काय वेगळं? कहाणीत तर तेच घडतं. ही गाठ सोडवली सहावीतल्या एका मुलाने. त्याच्या घरी गाई होत्या. त्याला मी वासरांच्या गटात घेतलं होतं, रांगेत त्याचा ताल सुटायचा म्हणून. तालमीत तो उठून म्हणाला, "बाई, दुसऱ्या सोमवारी एवढं दूध येणारच नाही." मी का म्हणून विचारलं. तो म्हणाला, "वासरू लावल्याशिवाय गाय पान्हा सोडत नाही. वासरांना पाजलंच नाही तर गाई दूध चोरणार."

हे मला ऐकून ठाऊक होतं, पण कथेला लावून कधी पाहिलं नव्हतं. आपल्याकडच्या गाईला आधी वासरू लावतात, ते दोन घोट ओढतं, मग ती पान्हा सोडते आणि धार काढता येते. राजाचा हुकूम पाळायचा म्हणून वासरू दूर बांधलं की गाय दूध वर चढवते. म्हणजे नगर जितक्या धाकाने हुकूम पाळणार तितकं दूध कमी होत जाणार. कहाणीत हे सांगितलेलं नाही, पण गाय पाळणाऱ्या माणसाला ते सांगावं लागत नाही. दुसरा सोमवार पहिल्यासारखा राहूच शकत नव्हता.

मग सगळंच सुटत गेलं. दुसऱ्या सोमवारी चार-चारऐवजी आठ-आठच्या चार ओळी केल्या. एका ओळीला आठ मात्रा, म्हणजे बत्तीस मात्रांत नगर ओतून जातं, गाणं दोनच वेळा येतं. क्रिया त्याच, पण पाचव्या मात्रेला तांब्या कलता न करता सरळ उपडा करायचा आणि सातव्या मात्रेपर्यंत तसाच धरायचा, शेवटचा थेंब गळेपर्यंत. उठून वळायला एकच मात्रा उरते, त्यामुळे मुलं ओढल्यासारखी वळतात, आणि ती घाई नगराच्या घाईसारखी दिसते. तिसऱ्या सोमवारी गाणंच काढून टाकलं. फक्त ढोलकीचा ठेका, आणि आठच मुलं पुढे येतात. बाकीचे मागे तांबे मांडीवर घेऊन बसलेले. सहाव्या मात्रेला आठ तांब्यांचा आवाज होतो, आणि मग पुढच्या आठ मात्रा कुणीच येत नाही.

त्याच मुलाने वासरांचं हंबरणंही बसवलं. मी सहा वासरांना दर ओळीच्या शेवटी तालात हंबरायला सांगितलं होतं. तो म्हणाला की वासरू कुठल्या तालात हंबरत नाही, भांड्याचा आवाज आला की हंबरतं, त्याला वाटतं आता आपल्याला सोडणार. म्हणून तांबे फळीवर टेकले की लगेच, कधी एक वासरू, कधी तीन, जसं सुचेल तसं हंबरायचं असं ठरलं. पहिल्या सोमवारी हे हंबरणं गाण्यात बुडून जातं. दुसऱ्या सोमवारी ऐकू येतं. तिसऱ्या सोमवारी गाणं नसल्यामुळे ते एकटंच उरतं. भुकेल्या मुलांचं एक करुण गाणं मी लिहून ठेवलं होतं, ते वहीतच राहिलं, कारण त्या हंबरण्यापुढे त्याची गरज उरली नाही.

म्हातारीच्या गाण्याची जागा ठरवताना बरीच चर्चा झाली. सगळ्यांचं मत होतं की म्हातारी देवळात येते, दूध वाहते, हात जोडते, तिथे भजन हवं. प्रेक्षकांना रडवायची ती जागा आहे. माझं म्हणणं असं की ती जागा कहाणीतली एकमेव आहे, तिच्यासारखं दुसरं काही कहाणीत घडत नाही. नगर गाण्यात ओतत होतं, म्हातारीने गाण्यात ओतलं तर तिचं दूधही त्यांच्यासारखंच होऊन जातं. वेगळेपण दाखवायला आपल्याकडे एकच साधन आहे, ते म्हणजे गाणं थांबवणं. म्हणून तिचं गाणं मी देवळातून काढून तिच्या घरात नेलं.

नगराचं ओतून झालं, रांग दोन्ही बाजूंनी बाहेर गेली, की डाव्या कोपऱ्यात जातं. दोन मुली जात्यावर, एक नातू, एक वासरू आणि म्हातारी. केरव्याच्या धडाक्यानंतर ताल नसलेली ओवी येते तेव्हा सभागृह आपोआप शांत होतं. जात्यावरची ओवी ही दळण्याच्या ओढीवर चालते. हात स्वतःकडे आला की ओळ उचलायची, पुढे गेला की सोडायची. मुलींनी आपल्या आज्यांकडून तीन-चार ओव्या ऐकून यायच्या, एवढंच मी सांगितलं होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातल्या काहींची ध्वनिमुद्रणं मी स्वतः ऐकली होती, आणि त्यातून एक गोष्ट पक्की लक्षात आली होती की बायका ओवी गाताना सुराला सजवत नाहीत. त्या सांगत असतात. म्हातारी झालेल्या मुलीला मी तेवढंच सांगितलं की गाऊ नकोस, सांग.

नातवाला वाटी दिली, गाईला चारा दिला,
उरलं खुलभर दूध, सोमवार माझा झाला.

या ओवीत ती एकेक काम करत जाते. दुसऱ्या सोमवारी यातला उत्तरार्ध तेवढा येतो, तिसऱ्या सोमवारी म्हातारी नुसती गुणगुणत रंगमंच ओलांडते. तोवर सगळ्यांना शब्द पाठ झालेले असतात.

गाभारा भरलेला दिसण्याची गोष्टही मी राखून ठेवली. कहाणीत तो पहिल्याच सोमवारी भरतो. तिथेच दाखवला असता तर तिसऱ्या सोमवारपर्यंत दाखवायला काही उरलं नसतं. म्हणून पहिल्या सोमवारी म्हातारी फळीशी वाकते आणि निघून जाते, आणि भरलेला गाभारा फक्त गुरवाच्या चेहऱ्यावर दिसतो. तो धावत राजाकडे जातो, राजाला पटत नाही. दुसऱ्या सोमवारी शिपायाच्या चेहऱ्यावर. प्रेक्षकांना मात्र दोन्ही वेळा काहीच दिसलेलं नसतं, ते राजासारखेच साशंक राहतात. तिसऱ्या सोमवारी राजा स्वतः खांबाआड बसतो, आणि तेव्हा तो आणि प्रेक्षक एकदमच बघतात.

त्या वेळी पेटी बंद, ढोलकी बंद. सरांना बासरी घालायची फार इच्छा होती. मी नको म्हटलं. म्हातारी वाकते, खुलीतलं दूध ओतते, पाठ फिरवते, चालू लागते. तिच्या तिसऱ्या पावलाला फळीमागचं पांढरं कापड उचललं जाऊ लागतं. कापड दोन्ही टोकांना दोघं आणि मधे चौघं, अशी सहा मुलं फळीमागे बसलेली असतात. साटीन न घेता मलमल घेतली, कारण साटीन चकाकतं आणि ओघळतं, मलमल हवा धरून सावकाश वर येते. पण ताल नसताना सहा जणांनी एकदम उचलायचं कसं? एकमेकांकडे बघितलं की एकाला उशीर होतोच, आणि दूध एका कोपऱ्यातून वर येऊ लागतं. बरेच उपाय करून बघितल्यावर हा जमला: मधल्या मुलीने तिसऱ्या पावलाला दीर्घ श्वास आत घ्यायचा, शेजारच्यांना तो ऐकू येतो, आणि सगळ्यांनी नजर कापडाच्या काठावर ठेवायची, शेजाऱ्याच्या हातावर नाही. काठ सरळ आहे ना, एवढंच बघायचं. आधी गुडघ्यापर्यंत, मग एक श्वास थांबायचं, मग छातीपर्यंत. त्या आठ-दहा सेकंदांत एवढ्या मोठ्या सभागृहात तांब्यात उरलेल्या थेंबाचा आवाज यावा इतकी शांतता असते. भजन असतं तर ही मिळाली नसती.

याच शांततेसाठी मी ध्वनिमुद्रित गाण्यांवर नाटक करायला तयार नसते. हल्ली बहुतेक शाळांत गाणी आधी मुद्रित करून घेतात आणि मुलं ओठ हलवतात. पण मुद्रण थांबत नाही. एखाद्या मुलाचा तांब्या निसटला, म्हातारीला लुगडं सावरायला दोन पावलं जास्त लागली, तर मुद्रण पुढे निघून जातं आणि मुलं त्याच्यामागे धावत सुटतात. समोर पेटी आणि ढोलकी असेल तर ढोलकीवाला मुलांकडे बघत वाजवतो, हवं तर एक आवर्तन जास्त घेतो. त्यासाठी वाद्यं पडद्यामागे ठेवायची नाहीत, रंगमंचाच्या कडेला, रांग दिसेल अशी बसवायची.

नाचणारी मुलं आणि गाणारी मुलं मी वेगळी ठेवते. धावपळ करून आलेल्या मुलाचा श्वास तुटतो आणि सूर खाली येतो. खाली आला की मूल तो भरून काढायला ओरडतं. म्हणून आठ गाणारी मुलं पेटीशेजारी बसलेली, एका माइकवर, आणि नगराने फक्त 'ओता रे ओता' एवढेच शब्द म्हणायचे, तेही वळून परत जाताना, वाकलेले असताना नाही. पट्टी मुलांच्या गळ्याची घ्यायची. आमची चाल मध्य षड्जापासून तार षड्जापर्यंतच जात होती, ती काळी एकमध्ये बसवली आणि सगळ्यांना पुरली. सरांना स्वतःला गायला वेगळी पट्टी सोयीची होती, पण ते गाणार नव्हते.

समूहाकडून एवढं काम करून घेता येतं हे मला पहिल्यांदा दिसलं ते 'घाशीराम कोतवाल'मध्ये. विजय तेंडुलकरांचं ते नाटक 1972 साली रंगभूमीवर आलं. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं आणि नृत्यदिग्दर्शन कृष्णदेव मुळगुंदांचं. त्यातली ओळीने उभी राहणारी माणसं कधी भिंत होतात, कधी पडदा होतात, गाताना डुलतात, आणि त्या डुलण्यातूनच प्रसंग बदलतो. ते नाटक मुलांचं नाही आणि त्याचा विषयही आपला नाही, पण रांग हीच नेपथ्य होऊ शकते हे तिथून घ्यावं. आमच्याकडे राजाचा दरबार, रस्ता आणि देऊळ ही तिन्ही ठिकाणं त्याच बत्तीस मुलांनी केली. दवंडी आली की मागे दोन ओळी समोरासमोर तोंड करून उभ्या राहतात आणि मधून रस्ता होतो, दवंडीवाला त्यातून जातो आणि त्याच्यामागे ओळ मिटत येते. दरबारात त्या दोन ओळी बसतात. पडदा एकदाही पडत नाही, त्यामुळे अंधारात टेबलं सरकवण्याचा गोंधळ नाही.

मैदानावर फक्कीने रंगमंचाएवढा चौकोन आखून त्यातच तालमी घ्याव्यात, नाहीतर मुलं मैदानाच्या मापाची पावलं टाकायला शिकतात आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी तिसऱ्या पावलालाच कड येते. आमचा रंगमंच तीस फूट रुंद होता, आठ जणांची ओळ हाताच्या अंतराने त्यात जेमतेम मावायची.

शेवटच्या हुकुमानंतर तिसऱ्यांदा तीच ओतण्याची चाल येते, फक्त शब्द बदलून:

पाजा रे पाजा, वासरू घ्या जवळ,
उरेल ते देवाला, मग भरेल देऊळ.

पुन्हा चार-चारचे आठ गट, पण आता प्रत्येक गटाला आठऐवजी सोळा मात्रा. पहिल्या आठ मात्रांत चौघांतले दोघे तांब्या शेजारच्याच्या ओंजळीत कलता करतात, दोघे पितात आणि बाहीने तोंड पुसतात. गटागटाने वासरं सोडली जातात, ती रांगेत घुसतात, त्यांनाही पाजलं जातं. मग दुसऱ्या आठ मात्रांत फळीवर ओतणं, पहिल्या सोमवारचंच, पाऊल न बदलता. मुलांना यासाठी नवं काहीच शिकवावं लागलं नाही, पाजण्याच्या आठ मात्रा तेवढ्या आधी जोडल्या. लय किंचित उतरवली, मिनिटाला ऐंशीच्या आसपास, कारण पाजताना घाई केली की मुलं ओंजळीबाहेर ओततात आणि तो खेळ होतो. सगळं मिळून पावणेदोन मिनिटांच्या आत आटपतं, आणि इथे ते लांबलेलं वाटत नाही.

राजाचं काय करायचं हा प्रश्न उरला होता. राजा सिंहासनावर बसून बघत राहिला तर हुकूम नगराला लागू झाला, त्याला नाही. म्हणून शेवटचे चौघे ओतायला येतात तेव्हा राजा त्यांच्यामागे, हातात एक लहान तांब्या घेऊन, रांगेत उभा राहतो. मुकुट प्रधानाच्या हातात दिलेला. त्याला पाजायला कुणी उरलेलं नसतं, म्हणून म्हातारीचा नातू पुढे येऊन ओंजळ धरतो. राजा पाजतो, उरलेलं फळीवर ओततो, आणि वळून जाताना रांग थांबत नाही. तीच रांग बाजूने मागे जाऊन पुन्हा पुढे येते, आता रिकामे तांबे उजव्या हातात, आणि चौघा-चौघांनी त्याच जागेवर, त्याच आठ मात्रांत, वाकून नमस्कार करते. वासरं, कापडवाली मुलं आणि गाणारी मुलंही त्याच रांगेला जोडली जातात. नमस्कारासाठी वेगळी तालीम घ्यावी लागत नाही आणि कुणी मागे राहत नाही. ढोलकीवाल्याने शेवटचा गट वळेपर्यंत ठेका सोडायचा नाही, हे मात्र त्याला आधीच सांगून ठेवावं लागतं, कारण टाळ्या सुरू झाल्या की त्याचा हात थांबतो.